पोटावरचे पट्टे : क्रीम कुठवर पोहोचतं आणि लेझर कुठवर

पाचवा-सहावा महिना लागला, पोट दिसायला लागलं की घरातल्या बायकांची एक सूचना हमखास येते, "खाजवू नकोस हं, पट्टे पडतील." त्याच सुमाराला कुणीतरी एखादी तेलाची बाटली किंवा महागातलं क्रीम आणून देतं. पट्टे पडलेच तर दोष एकतर खाजवण्यावर जातो, नाहीतर क्रीम लावायचा कंटाळा केला म्हणून त्या बाईवर. पडले नाहीत तर सगळं श्रेय बाटलीला. खरं तर या दोन्ही हिशेबांत बाटलीचा वाटा फार थोडा असतो. स्ट्रेच मार्क्स कातडीच्या कोणत्या थरात तयार होतात हे एकदा कळलं, की क्रीमकडून काय मागायचं, डॉक्टरकडून काय मागायचं आणि कशासाठी पैसे घालवायचे नाहीत, हे बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

खाज आधी, पट्टा नंतर

कातडीचा आपल्याला दिसणारा वरचा थर अगदी पातळ, पोटावर साधारण 0.1 मिलिमीटरचा. त्याच्या खालच्या जाड थरात कोलॅजन आणि इलॅस्टिनचे धागे असतात. कातडीला बळकटी मिळते ती कोलॅजनमुळे, आणि ताणून सोडल्यावर ती जागेवर येते ती इलॅस्टिनमुळे. स्ट्रेच मार्क पडतो तेव्हा हे खालचे धागे तुटतात, विरळ होतात, त्यांची रचना विस्कटते. वरचा थर शाबूत राहतो, म्हणून रक्त येत नाही की जखम होत नाही. ती एक आतली जखम असते आणि भरतानाही ती व्रणासारखी भरते.

नुसत्या ताणानं हे होतं असंही नाही. तसं असतं तर प्रत्येक गरोदर बाईच्या पोटावर सारखेच पट्टे दिसले असते. निम्म्याहून जास्त बायकांना ते पडतात, पण काहींना जुळ्यांच्या वेळीही एक रेघ उमटत नाही. गरोदरपणात शरीरातल्या संप्रेरकांचं प्रमाण बदलतं, कॉर्टिसोलही वाढतं, आणि त्यामुळे धागे तयार करणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. अशा कमकुवत झालेल्या कातडीवर ताण आला की धागे तुटतात. आईला पट्टे असणं, वय लहान असणं, गरोदर राहण्याआधीच वजन जास्त असणं, गरोदरपणात वजन भराभर वाढणं आणि बाळ वजनदार असणं, या गोष्टींनी शक्यता वाढते. यातलं आपल्या हातात काय आहे? वजन किती वेगानं वाढतं तेवढंच, तेही थोडंफार.

आता खाजवण्याचं. कातडी ताणली जाते, कोरडी पडते, म्हणून खाज येते. बऱ्याचदा पट्टा दिसायच्या थोडं आधीच. खाज आधी आणि पट्टा नंतर असा क्रम दिसतो, म्हणून खाजेनं पट्टा आला असं वाटतं. नखांनी वरच्या थरावर ओरखडे उठतील, पण खालचे धागे नखांनी तुटत नाहीत.

मात्र खाजेच्या दोन तऱ्हा वेगळ्या ओळखायला हव्यात. शेवटच्या महिन्यांत, विशेषतः पहिलटकरणीला, पट्ट्यांवरच पित्तासारख्या लाल गांधी उठतात आणि बेंबीभोवतीची जागा मात्र स्वच्छ राहते. हा त्रास बाळाला धोकादायक नसतो आणि औषधानं आटोक्यात येतो. दुसरी तऱ्हा गंभीर असते. अंगावर पुरळ काहीच नाही, पण तळहात-तळपाय विलक्षण खाजतात, रात्री झोप लागत नाही. ही यकृताशी संबंधित तक्रार असू शकते आणि ती बाळाला त्रासदायक ठरते. तिथं क्रीम चोळत न बसता त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांना सांगून रक्ततपासणी करून घ्यावी.

बाटलीवरचं आश्वासन आणि प्रत्यक्ष चाचण्या

प्रतिबंधक क्रीमची अडचण उघड आहे. ते वरच्या थरावर लावलं जातं आणि मोडतोड होते खाली. कोलॅजन असलेली क्रीम मिळतात, पण कोलॅजनचा अख्खा रेणू इतका मोठा असतो की तो धडधाकट कातडीतून आत शिरतच नाही. त्याचे तुकडे करून वापरले, तरी ते आत जाऊन पुन्हा धागा विणत नाहीत.

तरीही गुण येत असेल, तर तो चाचणीत दिसायला हवा. सगळ्यात जास्त खपणारा घटक म्हणजे कोकोआ बटर. लेबनॉन आणि जमैकात झालेल्या चाचण्यांत काही गरोदर बायकांना कोकोआ बटर असलेलं लोशन किंवा क्रीम दिलं आणि काहींना तसंच दिसणारं, पण कोकोआ बटर नसलेलं. दोन्ही गटांत पट्टे सारख्याच प्रमाणात पडले. ऑलिव्ह तेलाच्या चाचण्यांतही फरक आढळला नाही. 2012 साली कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात अशा 6 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. त्यांत मिळून 800 बायका होत्या. कुठलंही क्रीम किंवा तेल पट्टे टाळतं असा भक्कम पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला.

थोडी आशा दाखवणारा घटक एकच, तो म्हणजे मंडूकपर्णीचा अर्क. 1991 साली 80 बायकांवर झालेल्या एका लहान चाचणीत हा अर्क, ई जीवनसत्त्व आणि कोलॅजन-इलॅस्टिनचे तुकडे असं मिश्रण लावणाऱ्यांना पट्टे कमी पडले. पण मिश्रणातल्या कोणत्या घटकानं ते झालं हे त्यातून कळत नाही, आणि 80 हा आकडा फार छोटा आहे. तुर्कस्तानातल्या एका अभ्यासात कडू बदामाचं तेल नुसतं लावणाऱ्यांना फायदा झाला नाही, पण तेच तेल हलक्या हातानं चोळून जिरवणाऱ्यांना पट्टे कमी पडले. म्हणजे गुण असलाच तर तो चोळण्याचा असावा, तेलाचा नव्हे. याही अभ्यासाला मर्यादा आहेत, पण मला तो पटण्याजोगा वाटतो, आणि त्यावर विसंबून काही करायचं तर खर्चही शून्य.

मग लावायचं की नाही? खुशाल लावा, पण खाज आणि कोरडेपणा कमी व्हावा म्हणून. त्या कामाला घरातलं खोबरेल किंवा साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर पुरतं. आंघोळीनंतर कातडी थोडी ओलसर असतानाच लावलं की जास्त टिकतं. पट्टे टाळण्याच्या आशेनं हजार-दीड हजाराची बाटली घेण्यात काही अर्थ नाही. एक पथ्य मात्र कडक पाळा. गरोदरपणात रेटिनॉल, ट्रेटिनॉइन किंवा रेटिनॉइड लिहिलेलं काहीही लावू नका. सुरकुत्या किंवा मुरमांसाठी आणलेली ट्यूब घरात असते आणि 'पट्ट्यांवरही चालते' असं कुणीतरी सांगितलेलं असतं. चालत असेलही, पण गरोदरपणात नाही.

ताजा पट्टा कसा ओळखायचा

पुस्तकांत आणि परदेशी व्हिडिओंत ताजे पट्टे लाल दाखवतात. ते गोऱ्या कातडीवरचे. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर ताजा पट्टा जांभळट, तपकिरी किंवा भोवतालच्या रंगाहून काळपट दिसतो, म्हणून बऱ्याच जणी 'माझे आधीपासूनच जुने आहेत' असं समजून सोडून देतात.

रंगापेक्षा हाताला आणि उजेडाला विचारलेलं बरं. डोळे मिटून बोट फिरवा. ताजा पट्टा किंचित फुगीर लागतो, कधी खाजतोही. जुना पट्टा खोलगट लागतो आणि त्यावरची कातडी बारीक चुण्या पडल्यासारखी, मऊ आणि सैल असते. संध्याकाळी खिडकीतून तिरपा उजेड येतो तेव्हा आरशात पाहा. जुने पट्टे अशा उजेडात खळग्यांसारखे उठून दिसतात आणि चंदेरी चमकतात. ताज्याचा जुना व्हायला काही महिन्यांपासून वर्ष-दोन वर्षं लागतात. या काळात त्यातल्या रक्तवाहिन्या कमी होतात, रंग आपोआप उतरतो, रेघ बारीक दिसायला लागते.

बाळंतपणानंतरच्या क्रीमची ख्याती या आपोआप उतरणाऱ्या रंगावर उभी आहे. तिसऱ्या महिन्यापासून क्रीम लावायला घेतलं, नवव्या महिन्यात पट्टे फिके झाले, की क्रीम 'लागू पडलं'. न लावताही ते फिके झालेच असते. म्हणून क्रीम न लावलेला दुसरा गट नसेल, तर आधी-नंतरच्या फोटोंना पुरावा म्हणता येत नाही. त्यातही आधीचा फोटो बाजूच्या उजेडात आणि नंतरचा समोरून फ्लॅश मारून काढला, तर काहीही न करता निम्मे पट्टे गायब होतात.

क्रीमची खरी संधी याच काळात

ताज्या पट्ट्यांवर चाचणीत गुण दिसलेलं एक औषध आहे, ट्रेटिनॉइन. 1996 साली अमेरिकेत 22 जणांवर झालेल्या अभ्यासात 0.1 टक्का ट्रेटिनॉइन रोज, सहा महिने लावलं गेलं. पट्ट्यांची लांबी सरासरी 14 टक्क्यांनी आणि रुंदी 8 टक्क्यांनी कमी झाली. औषध नसलेलं क्रीम लावणाऱ्यांचे पट्टे त्याच काळात लांबीनं 10 टक्के आणि रुंदीनं 24 टक्के वाढले. गट लहान आहे, पण दुसरा गट समोर ठेवून मोजलेला फरक आहे. फरकाचा आकारही नीट पाहा. पट्टे कमी झाले, गेले नाहीत.

याची अडचण अशी की ट्रेटिनॉइन कातडीला झोंबतं. लाली येते, सालं निघतात. आपल्या कातडीवर कुठलीही जळजळ जाताना काळा डाग सोडून जाते, म्हणजे फिका करायला गेलेला पट्टा उलट काळा दिसायला लागतो. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ बहुधा कमी तीव्रतेनं, एक दिवसाआड रात्री, वाटाण्याएवढं सुरू करतात आणि सोसेल तसं वाढवतात. अंगावर पाजणाऱ्या आईनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे लावू नये, आणि पुन्हा दिवस जाण्याची शक्यता असेल तर थांबवावं. पांढऱ्या पडलेल्या पट्ट्यांवर याचा उपयोग जवळजवळ नाही.

पांढरे पट्टे : एक उदाहरण घेऊन

दवाखान्यांत नेहमी दिसतं तसं एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बाई 33 वर्षांच्या, रंग गव्हाळ, धाकटं मूल चार वर्षांचं. बेंबीखाली आणि दोन्ही कुशींना चंदेरी पट्टे, तीन ते पाच मिलिमीटर रुंद, बोटाला खोलगट लागणारे. आणखी मूल नको आहे. त्या विचारतात, "डॉक्टर, लेझरनं पूर्ण जातील ना?"

प्रामाणिक उत्तर 'नाही' असंच येईल. पांढऱ्या पट्ट्यात दोन वेगळ्या तक्रारी असतात, पोताची आणि रंगाची. खळगा थोडा भरता येतो. गेलेला रंग परत आणणं फार अवघड असतं. 308 नॅनोमीटरच्या एक्सायमर लेझरनं रंग काही प्रमाणात येतो, पण उपचार थांबले की पुन्हा उतरतो, म्हणून अधूनमधून सत्रं घेत राहावी लागतात. या बाईंनी पोताकडेच लक्ष द्यावं.

पोतासाठी दोन मुख्य मार्ग. फ्रॅक्शनल लेझर कातडीत उष्णतेचे बारीक बारीक खांब उतरवतं आणि मधली कातडी तशीच सोडतं. मायक्रोनीडलिंगमध्ये बारीक सुया दीड ते दोन-अडीच मिलिमीटर खोल टोचतात. दोन्हींचा हेतू एकच, खालच्या थराला ठरवून छोटी जखम करायची, म्हणजे शरीर तिथं नवं कोलॅजन घालतं. फरक उष्णतेचा. कार्बन डायऑक्साइड लेझर जोरकस असतं, पण गव्हाळ-सावळ्या कातडीवर ते काळे डाग सोडण्याचा धोका मोठा. सुयांत उष्णता नसल्यामुळे हा धोका कमी, आणि गुण साधारण तेवढाच आल्याचं तुलनेत दिसलेलं आहे. त्यामुळे या बाईंसाठी मी तरी आधी सुयांकडे झुकेन, किंवा लेझरच घ्यायचं तर 1540-1550 नॅनोमीटरचं सौम्य, वरचा थर न जाळणारं.

पहिल्या दिवशी सगळं पोट करून घेऊ नये. कुशीवर, दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेवर चाचणी करून सहा आठवडे थांबावं. हे थांबणं अनेकांना जाचतं, पण काळा डाग लगेच दिसत नाही, दोन ते चार आठवड्यांनी उमटतो. लेझरचा असेल तर यंत्राच्या टोकाच्या आकाराचे ठिपक्यांचे चौकोन दिसतात. असे डाग महिनोन्‌महिने रेंगाळून बहुधा जातात, पण संपूर्ण पोटावर उठले तर ती दुप्पट शिक्षा.

चाचणी ठीक झाली की पुढचा क्रम सरळ आहे. सुन्न करणारं क्रीम पाऊण ते एक तास आधी लावतात. मग पट्ट्यांवर सुया फिरवतात, टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसले की त्या जागी थांबतात. दोन-तीन दिवस लाली राहते. चेहऱ्याच्या मानानं पोट सावकाश भरतं, कारण नवी कातडी केसांच्या मुळांपासून वाढते आणि पोटावर ती मुळं विरळ असतात. म्हणून दोन सत्रांत चार ते सहा आठवड्यांचं अंतर हवं, आणि अशी तीन ते सहा सत्रं. साडी नेसणाऱ्या बाईनं उघड्या पडणाऱ्या कुशीला सनस्क्रीन लावायचं विसरू नये. भोवतालची कातडी काळवंडली की पांढरा पट्टा आणखीच उठून दिसतो, हे उपचार न घेणाऱ्यांनाही लागू आहे.

शेवटच्या सत्रानंतर तीन महिन्यांनी, पहिल्यासारख्याच तिरप्या उजेडात, त्याच अंतरावरून फोटो काढून पाहायचं. नवं कोलॅजन जागेवर यायला तेवढा वेळ लागतो. खळगे उथळ आणि रेघा बारीक दिसल्या, म्हणजे उपचार चांगला झाला. तीन सत्रांनंतर बोटाला काहीच फरक लागत नसेल तर पुढची तीन घेण्याआधी विचार करा. सत्रांचं पॅकेज आधीच विकत घेतलंय म्हणून चालू ठेवणं, हा या धंद्यातला सगळ्यात नेहमीचा तोटा.

ऑनलाइन मिळणारा घरगुती डर्मारोलर घेऊ नये. छोट्या सुया खोलवर पोहोचत नाहीत, लांब सुया घरी निर्जंतुक राहत नाहीत. ज्यांना जखमेवर केलॉइड होतो, म्हणजे व्रण वाढून जाड गाठीसारखा होतो, त्यांनी सुया आणि लेझर दोन्हींचा विचार डॉक्टरांशी बोलूनच करावा. पुन्हा मूल हवं असेल तर सगळंच पुढे ढकलावं, कारण पुढच्या खेपेला कातडी पुन्हा ताणणार.

पोटाची कातडी लोंबत असेल, तर टमी टकच्या शस्त्रक्रियेत बेंबीखालची जास्तीची कातडी काढतात आणि तिच्यावरचे पट्टे तिच्यासोबतच जातात. पण फक्त पट्ट्यांसाठी ही शस्त्रक्रिया करणं, आणि कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा व्रण पत्करणं, मला व्यवहाराचं वाटत नाही.

बाळंतपणाशी संबंध नसलेले पट्टे

उंची भराभर वाढणाऱ्या मुलांच्या पाठीवर आडव्या रेघा उमटतात. पाहणाऱ्याला त्या छडीच्या वळांसारख्या वाटतात आणि शाळेत विनाकारण चौकशी सुरू होते. त्या वाढीच्या असतात आणि सावकाश फिक्या होतात. जिममध्ये भराभर खांदे भरलेल्या तरुणांच्या काखेपुढेही तशा रेघा दिसतात.

काळजीचे पट्टे वेगळे, आणि आपल्याकडे ते वाढताहेत. जांघेत गजकर्ण झालं की औषधाच्या दुकानातून न विचारता ट्यूब आणली जाते. तिच्यात बुरशीच्या औषधाबरोबर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे जोरकस स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून ट्यूब महिनोन्‌महिने चालते, आणि जांघेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला रुंद, खोल, जांभळे पट्टे पडतात. हे पट्टे कायमचे. 2018 साली सरकारनं अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी आणली, तरी ती काउंटरवर मिळतातच. अशी ट्यूब वापरात असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून ती बंद करून घ्यावी. एकदम थांबवली की गजकर्ण उसळतं आणि लोक घाबरून पुन्हा तीच लावतात.

आणि कुठलंही मलम न लावता, वजन फारसं न वाढता, एक सेंटिमीटरहून रुंद जांभळे पट्टे पोटावर आले, सोबत चेहरा गोल व्हायला लागला, जरा लागलं तरी काळंनिळं होतं, जिना चढताना मांड्यांत जोर राहत नाही, रक्तदाब वाढला, तर त्वचेच्या दवाखान्याआधी अंतःस्रावतज्ज्ञांकडे किंवा निदान फिजिशियनकडे जावं. शरीरात कॉर्टिसोल जास्त तयार होत असल्याची ती खूण असू शकते, आणि तिचा शोध रक्त-लघवीच्या तपासणीतून घेता येतो.